कॉइलचा रोध खोडायचा कसा: ऑप-अँपचा निगेटिव्ह इम्पीडन्स कन्व्हर्टर, सूत्रापासून ब्रेडबोर्डपर्यंत

माझ्याकडे १०० मिलिहेन्रीची एक फेराइट कॉइल आहे. तिच्यासोबत सिरीजमध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडला की सुमारे १५९१ हर्ट्झला अनुनाद येतो. आकडे मुद्दाम सोपे निवडले आहेत: या वारंवारतेला कॉइलची आणि कपॅसिटरची रिअ‍ॅक्टन्स प्रत्येकी बरोबर १००० ओहम होते. पण कॉइलची तार बारीक आहे. मल्टिमीटरवर तिचा डीसी रोध ७२ ओहम दिसतो, त्यात गाभ्यातला ऱ्हास मिळवला की Q, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स भागिले एकूण रोध, जेमतेम १२ भरतो. मला ५० हवा होता. जाड तारेची कॉइल गुंडाळली तर ती मुठीएवढी होईल. मग उरतो दुसरा मार्ग: कॉइलच्या रोधासोबत सिरीजमध्ये ऋण रोध जोडायचा आणि बेरीज कमी करायची.

असा ऋण रोध एक ऑप-अँप आणि तीन रेझिस्टर यांच्यातून मिळतो. या जोडणीला निगेटिव्ह इम्पीडन्स कन्व्हर्टर म्हणतात. पुढे मी नुसतं 'कन्व्हर्टर' म्हणेन. कल्पना ऑप-अँपच्या चिपपेक्षा जुनी आहे. जॉन लिनविल यांनी १९५३ साली ट्रान्झिस्टरवर चालणारे असे कन्व्हर्टर मांडले होते. सूत्र दोन ओळींचं आहे आणि बहुतेक ठिकाणी ते नीट दिलेलं असतं. घोळ होतो तो सूत्रानंतर. एकच सूत्र दोन वेगळ्या जोडण्यांना लागू पडतं आणि सिरीज रोध खोडायच्या कामाला त्यातली एकच चालते. दुसरी कागदावर तितकीच बरोबर दिसते, पण चालू केल्या क्षणी पुरवठ्याच्या टोकाला जाऊन चिकटते.

सर्किट

जोडणी अशी. N हा बिंदू म्हणजे कन्व्हर्टरचं तोंड, म्हणजे बाहेरच्या सर्किटला जिथे ऋण रोध 'दिसतो' ती जागा.

```
GEN   -- 470 ohm -- A
A     -- 4.7 ohm -- GND
A     -- L 100 mH -- C 100 nF -- N
N     -- pin 2 (-)
pin 1 -- R1 100 ohm -- N
pin 1 -- R2 1k -- P
P     -- pin 3 (+)
P     -- Z (470 ohm + 500 ohm pot) -- GND
```

ऑप-अँप TL072 घेतला आहे, पुरवठा ±१२ व्होल्ट. ८ नंबरच्या पिनवर धन, ४ वर ऋण. दोन्ही पिनांपाशी, अगदी चिपला चिकटून, १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर जमिनीकडे द्या. चिपमधला दुसरा ऑप-अँप मोकळा सोडू नका: ५ नंबरची पिन जमिनीला आणि ६ नंबरची ७ ला जोडली की तो गप्प बसतो. पॉट दहा फेऱ्यांचा घ्या, कारण पुढे एकेका ओहमचं काम आहे. पॉटच्या तीनपैकी दोनच टोकं वापरायची आहेत, तेव्हा मधलं टोक एका बाजूच्या टोकाला जोडून टाका.

सिरीजमधला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर मात्र पॉलिप्रॉपिलीनचा हवा. पॉलिएस्टरचा ऱ्हास या वारंवारतेला अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. म्हणजे १००० ओहम रिअ‍ॅक्टन्सवर ५ ओहमचा जादा रोध तुम्ही स्वतःच आणून घालता. साध्या, जास्त धारितेच्या सिरॅमिक कपॅसिटरची धारिता तर व्होल्टेजबरोबर बदलते, आणि अनुनादात व्होल्टेज भरपूर चढतं. हा कपॅसिटर किमान ६३ व्होल्टचा घ्या. का ते पुढे कळेल.

सूत्र कसं येतं

N वर बाहेरून V व्होल्टेज लावलं आणि बाहेरून आत I प्रवाह शिरला असं धरू. V भागिले I हाच आपल्याला हवा असलेला इनपुट इम्पीडन्स.

ऑप-अँपच्या पिनेत प्रवाह शिरत नाही, म्हणजे सगळा I हा R1 मधूनच आउटपुटकडे जातो. त्यामुळे आउटपुटचं व्होल्टेज V पेक्षा R1 वरच्या ड्रॉपइतकं कमी असणार:

```
Vo = V - I*R1
```

दुसऱ्या बाजूला R2 आणि Z यांचा साधा डिव्हायडर आहे. तो Vo चा काही भाग प्लस पिनेवर आणतो. ऑप-अँप नीट काम करत असेल तर दोन्ही पिनांवरचं व्होल्टेज सारखं, म्हणून प्लस पिनेवरही V च असलं पाहिजे:

```
V = Vo * Z/(Z + R2)
Vo = V * (1 + R2/Z)
```

इथे थांबून बघण्यासारखी गोष्ट आहे. Vo हे V पेक्षा मोठं आहे आणि त्याच चिन्हाचं आहे. तुम्ही N ला वर उचललंत की आउटपुट त्याच्याही वर जातं आणि R1 मधून प्रवाह उलटा, बाहेर तुमच्याकडे ढकलतं. साध्या रोधावर व्होल्टेज लावलं की तो प्रवाह घेतो, हा देतो. ऋण रोध म्हणजे इतकंच. ही ऊर्जा अर्थात ऑप-अँपच्या पुरवठ्यातून येते. दोन्ही समीकरणं एकत्र केली की

```
I   = (V - Vo)/R1 = -V * R2/(Z*R1)
Zin = V/I = -Z * R1/R2
```

आपल्या किमती घालून पडताळा. Z = ६५० ओहम ठेवला तर R1/R2 चं गुणोत्तर एक दशांश, म्हणून Zin = −६५ ओहम. हाताने तपासायचं तर N वर ०.१ व्होल्ट धरा. Vo येतो ०.२५४ व्होल्ट. R1 वर ०.१५४ व्होल्टचा फरक, म्हणजे १.५४ मिलिअँप बाहेर. ०.१ भागिले १.५४ मिलिअँप म्हणजे ६५ ओहम, चिन्ह ऋण. यापुढे या ऋण रोधाच्या आकारमानाला Rn म्हणू. पॉट ० ते ५०० ओहम फिरतो, तेव्हा Rn ४७ पासून ९७ ओहमपर्यंत नेता येतो.

R1 शंभरच ओहम का? R1 आणि Rn एकमेकांच्या जवळपास असले की आउटपुटला उगाच मोठा व्होल्टेज-झोका घ्यावा लागत नाही आणि ऑप-अँपच्या बँडविड्थवरचा ताणही कमी राहतो. R2 मात्र दहापट मोठा घेता येतो, कारण त्या फांदीला फक्त पिनेवर व्होल्टेज पोचवायचं आहे. त्यामुळे Z सुद्धा पॉटने सहज फिरवता येईल अशा किमतीचा होतो.

पिना उलट केल्या तर?

आता वरच्या मांडणीत दोन्ही पिनांची अदलाबदल करा: N प्लसला, P मायनसला. सूत्र पुन्हा काढून बघा. अक्षर न अक्षर तेच येईल, कारण आपण वापरलं काय, तर 'दोन्ही पिनांवरचं व्होल्टेज सारखं' एवढंच. कोणती पिन कोणती याचा गणिताशी संबंधच आला नाही. अनेक आकृत्यांमध्ये तोंड प्लस पिनेवर काढलेलं असतं, आणि ते पाहून लोक हीच जोडणी कॉइलच्या मागे लावतात. मीही लावली होती. आउटपुट १०.६ व्होल्टला जाऊन बसलं आणि पॉट कितीही फिरवला तरी हललं नाही. मी चिप बदलली, तरी तेच!

दोन्ही पिना सारख्या राहतात हे गृहीतक आहे, नियम नाही. ते तेव्हाच खरं असतं जेव्हा मायनस पिनेकडे परत येणारा फीडबॅक प्लस पिनेकडच्या फीडबॅकपेक्षा जोरदार असतो. या सर्किटमध्ये दोन्ही वाटा आहेत, म्हणून त्यांची तुलना करावीच लागते. बाहेर जोडलेल्या सगळ्या सर्किटचा इम्पीडन्स, N वरून बाहेर बघताना, Zx धरू. N कडची वाट आउटपुटचा Zx/(Zx+R1) एवढा भाग परत आणते. P कडची वाट Z/(Z+R2) एवढा आणते. Z च्या जागी Rn लिहिलं तर हाच भाग Rn/(Rn+R1) होतो.

N मायनसला असेल तर N ची वाट जिंकायला हवी, म्हणजे

```
Zx > Rn
```

आणि N प्लसला असेल तर नेमकं उलटं, Zx < Rn. (मी इथे रोध समजून तुलना करतो आहे. कॉइल-कपॅसिटर असताना खरी तपासणी फेजसकट करावी लागते, पण आपल्या सर्किटला ही कसोटी पुरते.)

आता आपलं काम काय आहे ते आठवा. सिरीजमध्ये ८५ ओहमच्या आसपास रोध आहे आणि त्यातला ६५ खोडायचा आहे. बाहेरचा रोध ऋण रोधापेक्षा मोठाच राहणार; तो राहिला नाही तर बेरीज ऋण होईल. म्हणजे सिरीज रोध खोडताना Zx > Rn ही अट कामातच दडलेली आहे, आणि ती मायनस-पिनेच्या जोडणीशी जुळते. त्यात आपल्या वाटेत कपॅसिटर आहे. डीसीला तो उघडा, म्हणजे Zx अनंत. खूप वरच्या वारंवारतेला कॉइलमुळे Zx पुन्हा मोठा. Zx सर्वांत लहान होतो तो अनुनादाच्या ठिकाणी, आणि तिथे तो नुसता रोध असतो. तेवढ्या एका ठिकाणी Rn पेक्षा मोठा असला की काम झालं.

प्लस-पिनेच्या जोडणीत हाच कपॅसिटर घात करतो. डीसीला Zx अनंत, म्हणजे आउटपुट संपूर्ण परत प्लस पिनेवर येतं, आणि ऑप-अँप नावापुरता उरून कुलूप लागल्यासारखा एका टोकाला बसतो. १०.६ व्होल्टचं कोडं ते होतं. ती जोडणी समांतर काम करायची असेल तेव्हाची, म्हणजे लहान रोधाच्या सोर्सवर मोठा ऋण रोध टांगायचा असेल तेव्हाची आहे.

आधी पाया मोजा

ऋण रोध चालू करण्याआधी तो नसतानाची मोजणी घ्या, आणि तीही हेच सर्किट न मोडता. P ला एका तारेने थेट जमिनीला जोडा. Z शून्य झाला म्हणजे Rn शून्य. मायनस पिन आभासी जमीन बनते आणि N वर शून्य ओहम दिसतात. तार काढली की ऋण रोध हजर.

ऑसिलोस्कोपचा प्रोब १ नंबरच्या पिनेवर, आउटपुटवर ठेवा. कपॅसिटरच्या टोकांवर किंवा N वर नको. तिथे प्रोबची धारिता आणि केबलचा गोंधळ सर्किटमध्ये शिरतो. आउटपुटवर काय दिसतं ते वरच्या समीकरणातून निघतं: V = −I·Rn घातलं की Vo = −I(R1 + Rn). म्हणजे आउटपुट हे सिरीज प्रवाहाचंच चित्र आहे, आणि ऑप-अँपच्या मागून येत असल्याने प्रोबचा त्यावर काही परिणाम होत नाही.

सुरुवातीचा ४७० आणि ४.७ ओहमचा डिव्हायडर दोन कामं करतो. जनरेटरचं ५ व्होल्ट शिखर A वर सुमारे ४५ मिलिव्होल्ट होतं, जे Q ने फुगणाऱ्या सर्किटला पुरेसं आहे. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. जनरेटरचा स्वतःचा ५० ओहम रोध आपल्या हिशोबात येऊ देऊ नये असं माझं ठाम मत आहे. तो मोजून त्याच्यासकट रोध खोडलात आणि उद्या दुसरा, कमी रोधाचा सोर्स जोडलात, की बेरीज ऋण. डिव्हायडरमुळे जनरेटर जोडलेला असो वा बंद, कॉइलला आपल्यामागे ४.७ ओहमच दिसतात.

जनरेटर १५९१ च्या आसपास फिरवून शिखर शोधा आणि मग दोन्ही बाजूंना आउटपुट ०.७०७ पट होतं त्या वारंवारता टिपा. माझ्याकडे दोन्हींत साधारण १३४ हर्ट्झचं अंतर निघालं. यावरून एकूण रोध

```
R = 2*pi*L*BW = 2*pi * 0.1 * 134 = 84 ohm
```

डीसीच्या मोजणीवरून अपेक्षा ७२ + ४.७ = ७६.७ ओहमची होती. वरचे सात-आठ ओहम फेराइटच्या गाभ्यातला ऱ्हास आणि थोडासा कपॅसिटर. मल्टिमीटरच्या आकड्यावर विसंबून खोडायचा रोध ठरवू नये तो याचसाठी. ऋण रोध सगळ्या वारंवारतांना जवळपास सारखा असतो. कॉइलचा रोध वारंवारतेबरोबर वाढतो. म्हणून मोजणी कामाच्या वारंवारतेलाच हवी.

उंबरठा शोधा, मग मागे या

बँडविड्थवरून मिळालेला आकडा दोन-तीन टक्क्यांच्या खात्रीचा असतो. त्याहून नेमका आकडा सर्किट स्वतःच देतं.

जनरेटरचं आउटपुट शून्यावर आणा, P ची तार काढा, पॉट सर्वांत कमी Z वर ठेवून सुरू करा. आता हळूहळू Z वाढवत जा. Rn एकूण रोधाला गाठेल तेव्हा आउटपुटवर १५९१ हर्ट्झची साइन लहर आपोआप उगवेल. इथे सबुरी लागते. लहर वाढण्याचा कालांक 2L भागिले उरलेला रोध इतका असतो. उंबरठ्याच्या पलीकडे तुम्ही फक्त अर्धा ओहम गेला असाल तर तो ०.४ सेकंद भरतो, आणि गोंगाटातून डोळ्याला दिसण्याएवढी लहर व्हायला त्याच्या कित्येक पट वेळ जातो. पॉट पाव फेरा फिरवून पाच-सहा सेकंद थांबा, मग पुढचा पाव फेरा. भराभर फिरवलात तर उंबरठा ओलांडून बरेच पुढे गेल्यावर तुम्हाला तो दिसेल.

लहर उगवून टिकली की पुन्हा किंचित मागे या, ती विझते का बघा. त्या जागेवर पुरवठा बंद करा, P वरून R2 आणि चिप सुटी करा आणि Z मल्टिमीटरने मोजा. माझ्याकडे ८४५ ओहम आले. गुणोत्तर एक दशांश, म्हणून एकूण रोध ८४.५ ओहम. R1 आणि R2 एक टक्क्याचे असले तरी मी ते आधी मोजून जोडीने निवडतो. गुणोत्तरातली चूक थेट Rn मध्ये उतरते.

उंबरठ्याच्या खूप पुढे गेलात तर आउटपुट टोकांपर्यंत झोके घेऊ लागतं आणि प्रवाह फक्त ऑप-अँपच्या स्वतःच्या मर्यादेमुळे थांबतो. २० मिलिअँप जरी धरले तरी १००० ओहम रिअ‍ॅक्टन्सवर ते २० व्होल्ट शिखर होतात, पुरवठ्यापेक्षाही जास्त. वर ६३ व्होल्टचा कपॅसिटर सांगितला तो या क्षणासाठी.

आता Q ५० हवा तर एकूण रोध १०००/५० = २० ओहम उरायला हवा. म्हणजे Rn = ८४.५ − २० = ६४.५, आणि Z = ६४५ ओहम. पॉट सुटा असतानाच मल्टिमीटरवर ६४५ लावा आणि परत जोडा.

खरंच Q वाढला का?

जनरेटर पुन्हा चालू केला तर शिखरावर आउटपुट ५३ मिलिव्होल्टवरून साधारण ३७० वर गेलेलं दिसेल. सात पट! इथे फसायला होतं. पाया मोजताना आउटपुट म्हणजे प्रवाह गुणिले १०० ओहम होतं. आता ते प्रवाह गुणिले १६४.५ ओहम आहे. मोजपट्टीच बदलली. ती बाजूला काढली की प्रवाह ०.५३ वरून २.२४ मिलिअँप झालेला आहे, म्हणजे ४.२ पट, आणि ८४.५ भागिले २० सुद्धा ४.२ च.

म्हणून उंची न बघता रुंदी बघावी. बँडविड्थ मोजताना ही पट्टी दोन्हीकडे छेदून जाते. आता ०.७०७ च्या दोन वारंवारतांमधलं अंतर ३२ हर्ट्झच्या जवळ असायला हवं. मला त्याहून सोपी वाटते ती विझण्याची मोजणी. जनरेटरमधून अगदी कमी वारंवारतेची, समजा ५ हर्ट्झची, चौकोनी लहर द्या. प्रत्येक कडेला सर्किट घंटेसारखं वाजतं आणि विझत जातं. लहर ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ 2L/R. ऋण रोध नसताना तो २.४ मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम चार आवर्तनं. २० ओहम उरल्यावर १० मिलिसेकंद, सोळा आवर्तनं. पडद्यावर मोजता येतात.

एकदा जनरेटरचं आउटपुट निम्मं करून तीच मोजणी पुन्हा घ्या. बँडविड्थ किंवा शिखराची वारंवारता सरकली तर फेराइट प्रवाहाबरोबर बदलते आहे असं समजा आणि कमी पातळीवर काम करा.

बिघाड ओळखताना

आउटपुट डीसीवर एका टोकाला बसलेलं असेल तर पिना उलट झाल्या आहेत, किंवा R1 सुटला आहे. चिप बदलू नका, आधी २ आणि ३ नंबरच्या पिना बघा.

जनरेटर बंद असताना १.६ किलोहर्ट्झची साइन दिसली तर रोध जास्त खोडला गेला. पॉटचं सरकतं टोक क्षणभर सुटलं तरी हेच होतं, कारण Z एकदम ९७० ओहम होतो. कायमचं सर्किट बनवायचं असेल तर मी Z पक्का ठेवतो आणि पॉट R2 च्या सिरीजमध्ये घालतो. तिथे टोक सुटलं तर R2 वाढतो, Rn घटतो आणि सर्किट सुरक्षित बाजूला पडतं.

काही शे किलोहर्ट्झची किंवा त्याहून वरची केसाळ लहर दिसली तर तिचा या हिशोबाशी संबंध नाही. पुरवठ्याचे कपॅसिटर आणि N पासची तार बघा. कॉइल लांब ठेवून N पर्यंत शिल्डेड केबल आणलीत, तर केबलची धारिता R1 सोबत मायनस वाटेत उशीर घालते. R1 शंभर ओहम असल्याने मीटरभर केबल खपून जाते. दहा किलोओहम असता तर खपली नसती.

सिम्युलेटर वापरणाऱ्यांसाठी एक सापळा. Z चुकून १०४५ ओहम लावला तर उरलेला रोध −२० ओहम होतो. एसी अ‍ॅनालिसिस तुम्हाला Q ५० चं देखणं शिखर काढून दाखवेल, हुबेहूब +२० सारखं, कारण त्या गणितात आकारमान तेच येतं आणि फक्त फेज उलटते. सर्किट स्थिर आहे की नाही हा प्रश्न ते विचारतच नाही. ट्रान्झियंट अ‍ॅनालिसिस चालवा, सुरुवातीला छोटा धक्का द्या आणि लहर विझते की वाढते ते बघा.

किती खोडता येईल

ऑप-अँपची मर्यादा इथे अडचणीची नाही. TL072 ची गेन-बँडविड्थ सुमारे ३ मेगाहर्ट्झ धरली तर १५९१ हर्ट्झला ऋण रोधाला फक्त ०.१५ ओहमची, कॉइलसारखी वागणारी शेपटी येते. कॉइलच्या १०० मिलिहेन्रीपुढे ती १५ मायक्रोहेन्री आहे. वारंवारता शंभर पट केलीत तर मात्र ती १५ ओहम होईल, आणि मग दुसरा ऑप-अँप शोधावा लागेल.

खरी मर्यादा तांब्याची आहे. आपण दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून छोटा आकडा मिळवतो आहोत. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. ७२ ओहमवर ते ०.२८ ओहम. खोली १० अंशांनी तापली तर २० चे २२.८ ओहम होतात आणि Q ५० वरून ४४ वर येतो. हे सोसता येतं. आता Q २०० चा मोह धरा: उरलेला रोध फक्त ५ ओहम. दुपारी लावलेलं सर्किट पहाटेपर्यंत १८ अंशांनी थंड झालं की ७२ ओहममधले पाच गेले, बेरीज शून्याखाली, आणि तुमचा फिल्टर ऑसिलेटर झाला. रेझिस्टरच्या एका टक्क्याचा हिशोबही तसाच. Q ५० ला Rn मधली एक टक्का चूक उरलेल्या रोधात तीन टक्के होते, Q २०० ला सोळा टक्के. म्हणून या कॉइलबरोबर मी तीन चतुर्थांशांपुढे रोध खोडत नाही.

त्यापुढे जायचंच असेल तर Rn लाही तापमानाबरोबर चालायला लावावं लागतं. R1 च्या जागी बारीक तांब्याच्या तारेचा १०० ओहम घ्या. तार मध्यावर दुमडून दुहेरी गुंडाळा, म्हणजे तिचं स्वतःचं इंडक्टन्स उरत नाही, आणि ती मूळ कॉइलला चिकटवून टेप लावा. Rn हा R1 च्या प्रमाणात असल्याने ६४.५ ओहमवर तो दर अंशाला ०.२५ ओहम वाढेल, कॉइलच्या ०.२८ च्या मागोमाग. उरतो दर अंशाला ०.०३ ओहमचा फरक, जो आधीच्या एक नवमांश आहे. मात्र मग उंबरठा शोधताना नुसता Z मोजून भागणार नाही. त्याच तापमानाला R1 सुद्धा मोजावा लागेल. आणि टेप लावल्यावर अर्धा तास थांबा, कारण बोटांच्या उबेनेही ती तार तापलेली असते.